छपरावरून फिरणारी क्रेन

शेजारच्या बांधकामावरच्या टॉवर क्रेनचा आडवा हात आपल्या छपरावरून फिरतो. कौलाला धक्का नाही, भिंतीला तडा नाही. मग तक्रार कसली?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हाच प्रश्न कोर्टात गेला. एका कारखान्याच्या छपराच्या सुमारे 50 फूट वरून क्रेन फिरत होती. बांधकाम कंपनीने अतिक्रमण मान्य केलं आणि 250 पौंड देऊ केले. मालकाने ते नाकारले. न्यायाधीशांनी मनाईहुकूम दिला खरा, पण काम उरकेपर्यंत तो स्थगित ठेवला. म्हणजे हातात कागद आणि डोक्यावर क्रेन!

1987 साली लंडनमध्ये टॉवर ब्रिजजवळच्या जागेवरून असाच दावा झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्कॉट यांनी ही पळवाट ठेवली नाही. काम बंद असताना क्रेनचा हात मोकळाच सोडावा लागतो, कारण जखडला तर जोराच्या वाऱ्यात क्रेन कोसळू शकते. त्यामुळे रात्री-बेरात्रीही तो वाऱ्यासरशी शेजाऱ्यांवर जाई. सुरक्षेचं हे कारण खरं असलं, तरी परवानगीला तो पर्याय नाही, असं ठरलं. नुकसान दाखवायची गरज नाही. हद्द ओलांडली की पुरे. विमानाची गोष्ट वेगळी, ते खूप उंचावरून जातं.

तिथले बिल्डर त्यामुळे आधीच शेजाऱ्याशी लेखी करार करतात: मोबदला, विमा, मुदत. मालाने भरलेला हात छपरावरून न्यायचा नाही, ही अट त्यात जरूर घालून घ्यावी.