एकाच मालाचे दोन भाव केव्हा टिकतात?

एकच माल, एकाच दिवशी, निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या भावाने विकणे यास अर्थशास्त्रात ‘मूल्यभेद’ म्हणतात. मालाची प्रत किंवा पोचविण्याचा खर्च वेगळा असल्यामुळे भाव वेगळा पडत असेल तर तो मूल्यभेद नव्हे. अधिक स्निग्धांशाच्या दुधास अधिक भाव मिळतो, तो प्रतीचा भाव होय.

मूल्यभेद टिकण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, भाव ठरविणे काही अंशी तरी विक्रेत्याच्या हाती असले पाहिजे. बाजार समितीच्या आवारात कांदा आणणारे शेकडो असतात. त्यांपैकी एकाने एखाद्या व्यापाऱ्याकडे अधिक भाव मागितल्यास तो व्यापारी शेजारच्या ढिगाकडे वळतो. दुसरी, गिऱ्हाइकांचे असे गट ओळखता आले पाहिजेत की भाव वाढल्यास एक गट खरेदी थोडीच कमी करील व दुसरा पुष्कळच कमी करील. तिसरी, स्वस्तात घेणाऱ्यास तो माल महाग घेणाऱ्या गटाला विकता येता कामा नये.

एक हिशेब

समजा, एका मोठ्या गावात दूध संस्था ही एकटीच ताजे दूध विकते. सभासदांना दिलेला भाव व हाताळणी मिळून तिला लिटरमागे ४२ रुपये खर्च येतो. ६० रुपये भाव ठेवल्यास घरोघरची गिऱ्हाइके ८० लिटर घेतात व खवा करणारा हलवाई २० लिटर घेतो. ५० रुपये ठेवल्यास घरगुती खप ९० लिटर होतो आणि हलवायाचा ११० लिटर होतो. घरी मुलांना दूध लागतेच. हलवायास मात्र परगावचा तयार खवा आणणे शक्य असते. म्हणूनच हा फरक पडतो.

सर्वांना ६० रुपये भाव लावल्यास १०० लिटरवर १८ रुपयांप्रमाणे १,८०० रुपये उरतात. सर्वांना ५० रुपये लावल्यास २०० लिटरवर ८ रुपयांप्रमाणे १,६०० रुपये उरतात. परंतु घरांस ६० व हलवायास ५० रुपये भाव ठेवल्यास घरांकडून १,४४० व हलवायाकडून ८८० असे २,३२० रुपये उरतात. म्हणजे एका भावाच्या मानाने रोज ५२० रुपये अधिक मिळतात.

गळती कोठे होते

हलवायाने घेतलेले दूध ५५ रुपयांनी घरोघर घातले आणि त्यास पोचविण्याचा खर्च लिटरमागे ३ रुपये आला, तरी त्याला २ रुपये सुटतात व गिऱ्हाइकाचेही ५ रुपये वाचतात. अशा रीतीने वळलेल्या प्रत्येक लिटरमागे संस्थेचे १० रुपये बुडतात. ४० लिटर वळले की ५२० पैकी ४०० रुपये गेले. ५२ लिटरच्या पुढे तर दोन भावांपेक्षा ६० रुपयांचा एकच भाव बरा ठरतो.

ही गळती नोंदवहीवरून ओळखता येते. घरगुती खप जितका घटला तितकाच हलवायाचा वाढला, तर संशयास जागा आहे. म्हशीच्या एक लिटर दुधापासून सुमारे २०० ग्रॅम खवा निघतो. तेव्हा १५० लिटर दूध नेणाऱ्याकडे सुमारे ३० किलो खवा दिसला पाहिजे. २२ किलोच दिसत असल्यास उरलेले सुमारे ४० लिटर दूध कोठे गेले याचा शोध घ्यावा. यावर सोपा उपाय म्हणजे दूध थेट भट्टीवर नेऊन कढईत ओतून देणे. ते शक्य नसल्यास दोन भावांतील अंतर फेरविक्रीच्या खर्चाहून अधिक ठेवू नये. वरील उदाहरणात ते ३ रुपये होय.

युरियाच्या बाबतीत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर आली. तेथे शेतकऱ्यांसाठीचा कमी भाव शासनाच्या अनुदानामुळे आहे. कारखान्यांना मात्र युरिया महाग पडतो. प्लायवूडच्या सरसासाठीही युरिया लागत असल्याने शेतीच्या गोण्या तिकडे वळत. म्हणून २०१५ साली देशात तयार होणाऱ्या सर्व शेतीच्या युरियास निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा करण्यात आला. लेपामुळे असा माल ओळखता येतो व कारखान्यास तो गैरसोयीचा होतो. तथापि गळती पूर्णपणे थांबलेली नाही, कारण भावातील अंतर मोठे आहे.

दोन भाव ठेवल्यानंतर गावात दुसरा दूध विक्रेता आला तर पहिली अट मोडते. तो प्रथम ६० रुपये देणाऱ्या घरांकडेच जाईल. म्हणून ग्रामसेवकांनी व संस्थेच्या कार्यकारी मंडळाने दोन्ही गटांचा रोजचा खप वेगळा लिहून ठेवावा आणि महिनाअखेर वरीलप्रमाणे हिशेब मांडून दोन भाव चालू ठेवावेत की नाही हे ठरवावे.