दहा वर्षांसाठी पाच-सहा वाक्यं

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी ‘हॅपी वर्क अ‍ॅनिव्हर्सरी’ टाकतं आणि तासाभरात खाली पुष्पगुच्छांची रांग लागते. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यांच्याबद्दल मात्र त्या रांगेत एक अक्षरही नसतं. ‘मेहनती’, ‘मनमिळाऊ’ असे शब्द घालूनही ती उणीव भरत नाही, कारण ते शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तितकेच लागू पडतात. आपण स्वतः पाहिलेलं त्यांचं एखादं काम सांगितलं, तर मेसेज त्यांचाच होतो.

कारखान्याच्या स्टोअरमधल्या ताईंची दहा वर्षं पूर्ण झाली, असं समजा. त्यांना असं लिहिता येईल:

‘ताई, स्टोअरमध्ये आज तुमची दहा वर्षं झाली. मागच्या मार्चमध्ये स्टॉक मोजताना बेअरिंगचे दोन खोके कमी भरत होते. सगळ्यांना घरी जायची घाई होती, आणि तुम्ही गेट पासची फाइल काढून बसलात. खोके दुसऱ्या युनिटला गेल्याचं तिथंच सापडलं. तेव्हापासून मी पासचा नंबर बघितल्याशिवाय सही करत नाही. मनापासून अभिनंदन, ताई!’

नोंद कुणाची राहिली होती, हे इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ग्रुपवर तो माणूसही असतो आणि साहेबही. ‘तुमच्याशिवाय स्टोअर चालणारच नाही’ हे वाक्यही मी टाळेन, कारण बाकीचे चौघंही तिथंच राबत असतात. पगार, हुकलेली बढती, आजारपण, घरच्या अडचणी यातलं काही लिहायचं असेल, तर ते त्यांना एकट्यांना पाठवावं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सहीबद्दलचं वाक्य. त्यांच्या कामामुळे आपल्या हाताला एक सवय लागली, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.

लांबी एवढीच पुरे. मेसेज फार वाढला की व्हॉट्सअ‍ॅप तो अर्धाच दाखवतं, आणि पुढचं उघडून वाचायला कामाच्या वेळी सगळ्यांना सवड नसते. मेसेज जमला की खाली निव्वळ हात जोडलेले इमोजी येत नाहीत. कुणी लिहितं, ‘त्या दिवशी मीपण होतो’. ताई स्वतः एखादा तपशील दुरुस्त करतात.

पाठवण्याआधी वर्षांचा आकडा मात्र तपासून घ्यावा. कितीतरी जणांची पहिली दोन-तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर गेलेली असतात. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये मोजणी कायम झाल्यापासून सुरू होते, आणि ताई मात्र पहिल्यांदा गेटमधून आत आल्या त्या दिवसापासून मोजतात. त्यांच्यासोबत लागलेल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला आदल्या दिवशी विचारावं. नक्की कळलं नाही, तर आकडा गाळून ‘स्टोअरमधली इतकी वर्षं’ असं लिहावं.