सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स: चूक निस्तरल्यावर ग्राहक आधीपेक्षा खूश होतो का?

14 फेब्रुवारी 2007 रोजी बर्फाळ वादळामुळे न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जेटब्लू कंपनीची विमाने अडकून पडली. प्रवासी तासन्‌तास विमानातच बसून होते. पुढचे काही दिवस शेकडो उड्डाणे रद्द झाली.

कंपनीचे प्रमुख डेव्हिड नीलमन यांनी जाहीर माफी मागितली. किती उशिराला किती भरपाई, हे ठरवून देणारी ग्राहक हक्कांची सनदही काढली. चुकीनंतरच्या अशा सावरण्याला ‘सर्व्हिस रिकव्हरी’ म्हणतात. ग्राहक त्यात तीन गोष्टी तपासतो: भरपाई पुरेशी होती का, ती विनाखटपट मिळाली का आणि वागणूक माणुसकीची होती का.

तिन्ही उत्तम जमले, तर ग्राहक चूक न झालेल्या ग्राहकापेक्षाही जास्त समाधानी होऊ शकतो. हाच ‘रिकव्हरी पॅराडॉक्स’.

मग जेटब्लूच्या बाबतीत तो घडेल का? अवघड आहे. चूक किरकोळ असेल किंवा कंपनीच्या हाताबाहेरची असेल, तर हा परिणाम दिसण्याची शक्यता जास्त. इथे वादळ निसर्गाचे, पण प्रवाशांना वेळेत न उतरवणे आणि नंतरचा कर्मचाऱ्यांच्या नियोजनाचा गोंधळ कंपनीचा.

शिवाय मॅक्सहॅम आणि नेटेमेयर यांच्या 2002 च्या अभ्यासात दुसऱ्या चुकीनंतर हा परिणाम टिकला नाही. एकदा झाली तर चूक, पुन्हा झाली तर ग्राहक ती कंपनीची सवय समजतो. म्हणून केसच्या उत्तरात माफी आणि भरपाईइतकेच मूळ बिघाड दुरुस्त करण्यालाही महत्त्व द्यावे.