नळी तुंबते ती दुपारी, पण कारण सकाळीच घडलेले असते

वॉर्डातील परिचारिकांसाठी मी अधूनमधून पाठ घेते. त्यात फीडिंग नळीचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तुंबलेली राईल्स ट्यूब उघडायची कशी?" मी उत्तर देते, पण शेवटी. आधी विचारते, नळी तुंबण्यापूर्वीच्या तीन तासांत तिच्यातून काय काय गेले ते सांगा. ते नीट सांगता आले की अर्धे उत्तर मिळालेले असते. आपल्या वाचकांत परिचारिका भगिनी बऱ्याच आहेत, आणि घरी नाकात नळी असलेला माणूस सांभाळणारी कुटुंबेही आहेत. म्हणून तोच पाठ इथे लिहून देते.

पाठात मी एक रुग्ण उभा करते. वय अठ्ठावन्न, लकवा मारून डावी बाजू गेलेली. पाणी पाजले तर ठसका लागतो, म्हणून नाकातून चौदा नंबरची नळी घातली आहे. आज चौथा दिवस. दर तीन तासांनी दोनशे मि.ली. फीड, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत सहा वेळा. फीड म्हणजे दूध, नाचणीची पेज, डाळीचे पाणी. गोळ्या चार: रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोल. बारा वाजता चारही गोळ्या एकत्र कुटून पेजेत कालवल्या आणि दिल्या. शेवटी सिरिंज विसळलेले थोडेसे पाणी सोडले आणि झाकण लावले. तीन वाजता सिरिंज लावली तर पेज जागची हलेना.

इथे काय चुकले? ते कळण्यासाठी नळीचे माप लक्षात घ्यावे लागते. चौदा नंबरची नळी बाहेरून पाच मिलिमीटरहूनही बारीक असते, आतली पोकळी त्याहून अरुंद. लांबी मात्र मीटरभर. एवढी नळी नुसती भरायलाच दहा मि.ली.च्या आसपास पाणी लागते. म्हणजे फीडनंतर पाच मि.ली. पाणी सोडले तर नळीचा वरचा अर्धा भाग धुतला जातो आणि खालच्या अर्ध्या भागात पेज तशीच उभी राहते. तिचे टोक जठरातल्या आम्लात बुडालेले असते. दुधात लिंबू पिळल्यावर जे होते तेच तिथे होते, दूध फाटते आणि गाठी धरते. नाचणीची पेज थंड झाली की घट्ट होते हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. तीन तासांत त्या टोकाशी बूच तयार होते.

म्हणून फ्लशचे पाणी तीस मि.ली. हवे. फीडच्या आधी तीस, फीड संपल्यावर लगेच तीस. फीड पंपाने सतत चालू असेल तर दर चार तासांनी तीस. जठरातले पाणी ओढून तपासले असेल तर त्यानंतरही फ्लश हवाच, कारण ते आम्ल आपण स्वतः नळीत ओढून आणलेले असते आणि त्यावर दूध सोडले तर ते नळीतच फाटेल. सिरिंज पन्नास मि.ली.ची घ्यावी. पाच किंवा दहा मि.ली.च्या लहान सिरिंजने दाब फार वाढतो, बारीक नळी फाटूही शकते. पाणी पिण्याचे, स्वच्छ. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णाला कोणते पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हे पाणी हिशेबात धरायचे असते. आपल्या रुग्णाच्या सहा फीडमागे साठ-साठ म्हणजे 360 मि.ली. झाले. दोन वेळच्या औषधांमधले धरले तर साडेचारशेच्या घरात जाते. लकव्याच्या रुग्णाला ते चालते, उलट हवेच असते. पण ज्याचे हृदय किंवा किडनी कमजोर आहे आणि पाणी मोजून द्यायचे आहे, त्याचे फ्लश इनटेक चार्टवर लिहिले नाहीत तर संध्याकाळी पाय का सुजले ते कुणालाच कळत नाही. अशा रुग्णासाठी फ्लशचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आपल्या मनाने फ्लश बंद करू नये.

आता गोळ्या. माझ्या पाहण्यात जितक्या नळ्या तुंबल्या, त्यांत पेजेपेक्षा गोळ्यांचा दोष जास्त. पँटोप्राझोलच्या गोळीवर जे आवरण असते ते जठरातल्या आम्लात विरघळू नये म्हणूनच दिलेले असते. ती कुटली की आवरणाचे चिकट तुकडे नळीत अडकतात, आणि आतले औषध आम्लात नासून जाते. दोन्हीकडून तोटा. स्ट्रिपवर गॅस्ट्रो-रेझिस्टंट किंवा एंटेरिक कोटेड लिहिलेले असेल, किंवा नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, ईआर अशी अक्षरे असतील, तर ती गोळी कुटायची नाही. एक्सएल म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारे औषध. कुटल्यावर ते सगळे एकदम रक्तात उतरते, रक्तदाब किंवा नाडी धाडकन खाली येऊ शकते. अशी गोळी दिसली की डॉक्टरांना सांगायचे, नळीतून देता येईल असा प्रकार लिहून द्या. बऱ्याच औषधांचे सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. "सिस्टर, जमेल तसे द्या" या उत्तरावर समाधान मानू नका. ऑर्डर बदलून लिहून घ्या.

ज्या गोळ्या कुटता येतात त्या एकेक वेगळी, अगदी पिठासारखी बारीक कुटायची, पंधरा मि.ली. पाण्यात विरघळवायची आणि एक दिल्यावर पंधरा मि.ली. पाणी सोडून मग दुसरी. फीडमध्ये औषध कालवायचे नाही. यात चारऐवजी दहा मिनिटे जातात, आणि तीस रुग्णांच्या वॉर्डात दहा मिनिटे कुठून आणायची हा तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. पण तुंबलेली नळी उघडण्यात पाऊण तास जातो, आणि नाही उघडली तर नवी घालावी लागते.

खरी भीती तिथेच आहे. नळी नव्याने घालताना ती दरवेळी जठरातच जाईल असे नाही. लकव्याच्या रुग्णाला खोकला कमी येतो, त्यामुळे नळी श्वासनळीत गेली तरी तो ठसकत नाही. सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायची पद्धत आपण सगळ्या शिकलो, पण नळी फुप्फुसात असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनमध्ये 2005 साली ही पद्धत वापरू नका अशी अधिकृत सूचना निघाली. भरवशाचे दोनच मार्ग: ओढलेल्या पाण्याचा पीएच पट्टीवर 5.5 किंवा त्याखाली येणे, नाहीतर एक्स-रे. आपला रुग्ण पँटोप्राझोलवर आहे, त्याचे आम्लच कमी झालेले असेल आणि पीएच वर दिसू शकतो. मग एक्स-रे मागायचाच. जागा पक्की झाली की नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरचा आकडा आहे ते लिहून पेनाने खूण करायची. आपल्या रुग्णाची खूण 56 वर आहे. प्रत्येक ड्युटीवर आणि प्रत्येक फीडआधी आधी ती खूण बघायची. खूण सरकलेली असेल तर पाण्याचा थेंबही सोडायचा नाही.

पोझिशनबद्दल फार बोलत नाही, कारण माहिती सगळ्यांना असते, अडचण पलंगाची असते. फीड चालू असताना आणि संपल्यावर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, डोक्याची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी. पलंगाचा हँडल तुटलेला असेल तर पाठीमागे बॅकरेस्ट किंवा गुंडाळलेल्या चादरी लावा. मान पुढे वाकेल अशी नुसती उशी डोक्याखाली कोंबू नका, कंबरेपासून वर उचला. गुडघ्याखाली एक उशी दिली की रुग्ण खाली घसरत नाही. चादर बदलायला किंवा स्पंजिंगला त्याला आडवे करायचे असेल तर ते फीडच्या आधी उरका. फीड चालू असताना खोकला, घशात घरघर, धाप, ओठ निळसर किंवा ऑक्सिजनचा आकडा खाली, यातले काहीही दिसले तर फीड तिथेच थांबवा, घशातले सक्शन करा आणि डॉक्टरांना बोलवा. फीडही ढकलायचे नाही. सिरिंजचा दट्ट्या काढून, तिचे तोंड पोटापासून वीतभर वर धरून आपोआप उतरू द्यायचे. दोनशे मि.ली.ला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

पुष्कळ वॉर्डांत फीड देतात ते नातेवाईकच. रुग्णाच्या बायकोने चुकीचे दिले म्हणून तिच्यावर खेकसणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. तिला तीस मि.ली. म्हणजे सिरिंजवरची कुठली रेघ हे कुणी दाखवले होते का, हे आधी विचारा. चिकटपट्टीचा तुकडा त्या रेघेवर लावून दिला की अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा बरोबर फ्लश देते. पेज तिला मलमलच्या फडक्यातून गाळायला सांगा. चाळणीतून नाचणीचा कोंडा खाली उतरतो.

आता त्या तीन वाजताच्या नळीकडे येऊ. आधी खूण पाहिली, 56 वर आहे. मग उशीखाली किंवा कुशीखाली नळी मुडपली आहे का ते पाहिले. टॉर्च लावून तोंडात बघितले, नळी घशात गुंडाळलेली नाही. पन्नासच्या सिरिंजने हळूच मागे ओढले, जे वर आले ते टाकून दिले. मग तीस मि.ली. कोमट पाणी भरून अगदी हलक्या हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे केले. जाईना, तेव्हा जेवढे पाणी शिरले तेवढे आत ठेवून नळी बंद केली आणि वीस मिनिटे थांबलो. दुसऱ्या वेळी बूच सुटले. पुन्हा तीस मि.ली. फ्लश दिला, थोडे थांबून पाणी ओढून पीएच पाहिला, 5 आला. मगच फीड सुरू केले.

या वेळात काय करायचे नाही तेही सांगते. जोर लावायचा नाही. तार किंवा गाईडवायर घालायची नाही, ती नळी भोसकून जठराला किंवा अन्ननलिकेला लागू शकते. आणि कोला ओतायचा नाही. ही युक्ती अजून सांगितली जाते, पण कोला स्वतः आम्ल आहे, दुधाच्या गाठीवर ओतला तर गाठ आणखी घट्ट होते. कोमट पाण्याने दोन-तीनदा प्रयत्न करूनही उघडली नाही तर डॉक्टरांना कळवून नळी बदलायची. आणि तोवर चुकलेला डोस कोणता ते वेळेसह लिहायचे. फिटच्या औषधाचा एक डोस चुकला तरी रात्री फिट येऊ शकते.

ड्युटी देताना पुढच्या सिस्टरला एवढे सांगायचे: खूण 56 वर, तीन वाजता तुंबली, कोमट पाण्याने दुसऱ्या प्रयत्नात उघडली, पीएच 5, पँटोप्राझोल बदलून मागितले आहे पण ऑर्डर अजून आलेली नाही, सहाचे फीड गाळून द्यायचे.