सात लिटर पाणी

पावसाळ्यातली रात्र होती, साडेदहाचा सुमार. मुंबईतल्या एका टॉवरच्या साइटवर कॉलम भरायचे होते आणि काँक्रीटची तिसरी गाडी फाटकातून परत पाठवली गेली. ड्रायव्हर वैतागला होता. गाडीत काय वाईट आहे, हे त्याला दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हतं. काँक्रीट छान काळसर, चकचकीत, मधासारखं वाहत होतं. पण क्वालिटीच्या इंजिनिअरने पत्र्यावर उलटा शंकू ठेवून त्याचा फैलाव मोजला, तर तो ठरलेल्या मापापेक्षा बराच जास्त आला. त्याने एवढंच विचारलं, "ड्रम धुतल्यावर पाणी काढलं होतं का?" ड्रायव्हर गप्प बसला.

सहा घनमीटरच्या ड्रममध्ये धुण्याचं पन्नास-साठ लिटर पाणी राहून गेलं असावं. सात मजली सोसायटीच्या स्लॅबला एवढ्याने फारसा फरक पडला नसता. मग इथे एवढा कडकपणा कशाला?

आधी कॉलमचा हिशोब बघू. काँक्रीटच्या ग्रेडमधला 'एम'नंतरचा आकडा म्हणजे त्याचा क्यूब दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसतो ते. एम ८० म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे आठशे किलो. साठेक मजल्यांच्या इमारतीत तळाच्या एका कॉलमवर ४८,००० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पाच हजार टन डिझाइनचा भार आहे असं धरा. एम ४० वापरलं आणि दोन टक्के सळई घातली, तर आपल्या आयएस ४५६ मधल्या सोप्या सूत्राने कॉलमची बाजू सुमारे १.४६ मीटर येते. एम ८० ने तीच १.१२ मीटर होते. वारा, भूकंप, वाकणं सगळं सोडून केलेला हा तोंडी हिशोब आहे, पण अंदाज येतो. एका कॉलममागे जवळपास ०.९ चौरस मीटर जागा वाचते, आणि मजल्यावर असे तीस कॉलम असतील तर सुमारे २८० चौरस फूट. मुंबईत २८० चौरस फुटांत एक बिऱ्हाड राहतं. खालच्या पार्किंगमध्ये तर एवढ्या फरकावर एखादी गाडी बसते किंवा बसत नाही.

कधी कधी मात्र जागेपेक्षा ताठपणासाठी मजबूत काँक्रीट लागतं. सिअ‍ॅटलमधल्या टू युनियन स्क्वेअर या १९८० च्या दशकाअखेरच्या इमारतीत दहा फूट व्यासाच्या पोलादी नळ्यांमध्ये १३१ मेगापास्कलचं काँक्रीट भरलं होतं. भार पेलायला त्याहून कमी ताकदीचं पुरलं असतं, पण वाऱ्यात इमारत कमी झुलावी म्हणून काँक्रीट ताठ हवं होतं, आणि ताठपणाच्या मागे ताकदही वर गेली. आपल्याकडे मुंबईकरांच्या रोजच्या रस्त्यातलं उदाहरण जे. जे. उड्डाणपुलाचं. त्यासाठी एम ७५ वापरलं गेलं, तेव्हा ती आपल्याकडे नवलाईची गोष्ट होती.

अशा काँक्रीटमध्ये हमखास सापडणारी वस्तू म्हणजे सिलिका फ्यूम. प्लांटवर तिला मायक्रोसिलिका म्हणतात. ही कोणी मुद्दाम बनवत नाही. सिलिकॉन किंवा फेरोसिलिकॉन तयार करणाऱ्या विजेच्या भट्टीत गारगोटी आणि कोळसा सुमारे दोन हजार अंशांवर तापवतात, तेव्हा वर जो धूर निघतो तोच हा. पूर्वी तो चिमणीतून हवेत जायचा. प्रदूषणाचे नियम आल्यावर तो कापडी पिशव्यांच्या गाळण्यांत पकडावा लागला, आणि मग या राखाडी धुळीचं करायचं काय, हा प्रश्न पडला. काँक्रीटमधल्या तिच्या वापराचा पाया नॉर्वेने घातला.

तिचा कण सिमेंटच्या कणापेक्षा साधारण शंभर पटीने बारीक असतो. पोत्यात गहू भरला की दाण्यांमध्ये फटी राहतात, त्यात मोहरी ओतली तर ती फटींत जाऊन बसते. सिमेंटच्या कणांमध्ये मायक्रोसिलिका तशी बसते. एरवी त्या फटींत पाणी असतं, आणि पाणी उडून गेलं की तिथे पोकळी राहते. दुसरं काम रासायनिक आहे. सिमेंट पाण्याशी जुळताना चुना बाहेर टाकतं. त्याचे स्फटिक खडीच्या पृष्ठभागाशी गोळा होतात, आणि नेहमीचं काँक्रीट फुटतं ते बहुधा तिथूनच, खडी आणि सिमेंटच्या सांध्यातून. मायक्रोसिलिका हा चुना खाऊन त्याचा चिकट, टिकाऊ बंध बनवते. म्हणून एम ८० चा क्यूब फुटला की भेग खडीला वळसा घालत नाही, खडीतूनच आरपार जाते. तिथून पुढे खडीची स्वतःची ताकद हीच मर्यादा ठरते.

आता बारीकपणाची दुसरी बाजू. या पावडरीच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे वीस चौरस मीटर भरतं. एका घनमीटरमध्ये चाळीस किलो घातली, तर आठ लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोनशे एकर. एवढा पृष्ठभाग ओला करायला पाणी हवं, आणि पाणी तर आपण मोजून-मापून कमी केलेलं. ही कोंडी सुपरप्लास्टिसायझरने सुटते. हे रसायन कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि थोड्या पाण्यात काँक्रीट वाहतं करतं. ते नसेल तर मायक्रोसिलिका घातलेलं काँक्रीट मिक्सरमध्येच चिखलासारखं घट्ट होऊन बसेल.

गाडी का परतली, ते आता आकड्यांत पाहू. एम ८० च्या एका घनमीटरला सिमेंट ४५० किलो, फ्लाय अ‍ॅश ७० आणि मायक्रोसिलिका ४०, मिळून ५६० किलो बांधणारी पावडर, आणि पाणी फक्त १४५ लिटर. वाळू सुमारे ७०० किलो. प्लांटच्या संगणकाला वाळूत जेवढी ओल आहे असं सांगितलंय त्यापेक्षा ती फक्त एक टक्का जास्त निघाली, तर सात लिटर पाणी गुपचूप आत शिरतं. नेहमीच्या एम २५ मध्ये ३५० किलो पावडर आणि १७५ लिटर पाणी असेल, तर तिथेही तेच सात लिटर शिरतं.

काँक्रीटची ताकद ढोबळमानाने पावडर भागिले पाणी या आकड्याबरोबर चढते-उतरते. एम २५ मध्ये हा आकडा २.०० वरून १.९२ वर येतो. एम ८० मध्ये तो ३.८६ वरून ३.६८ वर घसरतो, म्हणजे दुपटीहून जास्त. ताकदीत सांगायचं तर एम २५ चे साधारण दीड मेगापास्कल जातात आणि एम ८० चे पाचेक. आयएस १०२६२ प्रमाणे मिक्स ठरवताना आपण नेमका ८० चा नेम धरत नाही. चुकांसाठी जागा ठेवून सुमारे ९० चा धरतो. एम २५ मध्ये ३१.६ चा. म्हणजे तेच सात लिटर एकीकडे राखीव जागेचा चौथा हिस्सा खातं आणि दुसरीकडे निम्मा. ड्रममधलं धुण्याचं पाणी घनमीटरमागे आठ-दहा लिटर पडतं. ते आणि वाळूची ओल एकाच रात्री एकत्र आली की राखीव जागा संपली.

यावर एम २५ वाल्याकडे सोपा उपाय असतो. वीस किलो सिमेंट जास्त टाकायचं आणि निश्चिंत व्हायचं. एम ८० मध्ये तो रस्ता बंद आहे. ५६० किलो पावडर असताना काँक्रीट आधीच डिंकासारखं चिकट असतं. शिवाय सिमेंट जुळताना उष्णता सोडतं आणि सव्वा मीटर जाड कॉलमच्या गाभ्यात ती अडकून राहते. तिथे ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पुढे काही वर्षांनी आतल्या आत फुगून भेगा पडण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात म्हणूनच पाण्याऐवजी बर्फ घालतात आणि रात्री भरतात. एवढं करून खडी आपल्या ताकदीपुढे जाऊ देत नाही ते वेगळंच. राखीव जागा वाढवता येत नसेल तर चूक कमी करणं एवढाच मार्ग उरतो.

म्हणून प्लांटवरची कामं बदलतात. वाळूच्या ढिगावर छप्पर येतं, कारण पावसात ढिगाचा माथा आणि तळ यांच्या ओलीत तीन-चार टक्क्यांचा फरक सहज असतो. हॉपरमधला सेन्सर ओल मोजतोच, पण अनुभवी माणूस अर्धा किलो वाळू कढईत भाजून पुन्हा तोलतो आणि सेन्सरची खात्री करतो. चूक उलट्या बाजूलाही होते. वाळू अंदाजापेक्षा कोरडी निघाली तर काँक्रीट घट्ट येतं, सळयांच्या दाटीत खाली उतरत नाही आणि फॉर्म काढल्यावर कॉलमच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

मायक्रोसिलिकेचा स्वतःचा एक खोडसाळपणा आहे. मूळ पावडर इतकी हलकी असते की वाहतूक परवडत नाही, म्हणून तिचे हवेने छोटे छोटे गोळे करून पोत्यात भरतात. हे गोळे मिक्सरमध्ये फुटायला हवेत. खडी, थोडं पाणी आणि मायक्रोसिलिका आधी घुसळली, वेळ नेहमीपेक्षा वाढवला, तर खडीच त्यांना चिरडते. घाई केली तर गोळे तसेच राहतात. फुटलेल्या क्यूबच्या तुकड्यावर तांदळाच्या कणीएवढे करडे ठिपके दिसले की समजावं, पैसे टाकले आणि काम झालं नाही. कागदावर चाळीस किलो असते, कामाला लागलेली त्याहून कमी.

क्यूब फोडण्याचीही गंमत आहे. १५० मिलिमीटरच्या क्यूबचा चेहरा २२,५०० चौरस मिलिमीटरचा. ९० ची ताकद तपासायला २,०२५ किलोन्यूटन जोर लागतो. बऱ्याच साइटवरच्या प्रयोगशाळेतलं यंत्र २,००० चंच असतं, म्हणजे चांगला क्यूब त्याच्यावर फुटतच नाही! मोठं यंत्र तरी हवं किंवा १०० मिलिमीटरचा क्यूब. आणि क्यूबची बाजू जरा वाकडी असेल, साच्याचे नट ढिले असतील, तर काँक्रीट निर्दोष असूनही आकडा खाली येतो. तपासणीतली ढिलाई काँक्रीटच्या नावावर खपते, आणि मग कॉलममध्ये छिद्रं पाडून नमुने काढायची वेळ येते.

एक जागा मात्र प्लांटच्या हातात नसते. कॉलम एम ८० चा, पण स्लॅब एम ४० चा. स्लॅबची जाडी कॉलमच्या वाटेतच येते. तिथे एम ४० भरलं तर वरून आलेला भार या पातळ, कमजोर थरातून जाणार. म्हणून अमेरिकन कोडमध्ये एक पद्धत सांगितली आहे: कॉलमभोवती दोन फुटांपर्यंत आधी कॉलमचंच काँक्रीट टाकायचं आणि ते जुळायच्या आत बाजूने स्लॅबचं ओतून दोन्ही एकत्र करायचं. रात्री दोन ग्रेडच्या गाड्या एकाच पंपाला लागल्या की कोणती कुठे गेली, हे सांगणारा माणूस वर उभा असावा लागतो. मायक्रोसिलिकेचा गडद रंग तेव्हा उपयोगी पडतो.

परत पाठवलेल्या त्या गाडीतून इंजिनिअरने सहा क्यूब भरून ठेवले होते. फ्लाय अ‍ॅश असलेलं काँक्रीट हळू पिकतं, म्हणून त्या साइटवर छप्पन्न दिवसांचा निकाल धरत. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. सरासरी ८३ आली. म्हणजे गाडी घेतली असती तरी चाललं असतं, असं मी म्हणालो. तो वहीत आकडा लिहीत होता. "चाललं असतं," तो म्हणाला. "पण हे त्या रात्री कोणाला माहीत होतं?" मी खिडकीतून बघितलं. त्या कॉलमच्या डोक्यावर एव्हाना आठ स्लॅब पडून गेले होते.