उत्तराची वाट न पाहणारा निरोप

सहकाऱ्याचे वडील गेल्याची बातमी बहुतेक वेळा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते. पाच मिनिटांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि आपणही त्यात आपली एक ओळ घालतो. त्यात गैर काही नाही. पण रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने तेवढ्यावर थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने स्वतंत्र निरोप लिहावा आणि त्यात कामाची काळजी मिटवणारी एक ओळ असावी.

अशा वेळी आपण हमखास लिहितो, ‘काही लागलं तर सांग.’ भावना खरी असते, पण पुढचं सगळं त्या माणसावरच पडतं. काय लागेल ते त्यानेच आठवायचं, कुणाला सांगायचं ते त्यानेच ठरवायचं आणि वर मागायचा संकोच. त्या दिवसांत घरात काय चाललेलं असतं? नातेवाइकांना फोन, तिसऱ्या दिवशी अस्थी, दहाव्या-तेराव्याची तयारी, गुरुजींची वेळ. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. पुढे बँक, विमा आणि पेन्शनसाठी दाखल्याच्या प्रती लागणार असतात. त्यात ऑफिसचा आणखी एक प्रश्न नको.

म्हणून आधी काम मार्गी लावावं, मग निरोप लिहावा. अकाउंट्स विभागातलं उदाहरण घेऊ. सहकाऱ्याचे वडील चार तारखेला संध्याकाळी गेले. आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस सात तारखेपर्यंत भरायचा आहे, जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि ३बी वीस तारखेपर्यंत. दरमहा हे सगळं तोच बघतो. टीडीएस उशिरा भरला तर व्याज लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. स्मशानातून घरी आल्यावरही त्याच्या डोक्यात सात तारीख असणारच.

पाच तारखेला सकाळी आपण साहेबांकडे जायचं आणि या तीन तारखा आपल्याकडे मागून घ्यायच्या. खरी अडचण कुठे येईल? बँकेच्या पोर्टलवर एकजण पेमेंट तयार करतो आणि दुसरा मंजूर करतो. तयार करणारा आपला सहकारीच असेल, तर साहेबांना सांगून ते काम दुसऱ्या अधिकृत माणसाच्या लॉगिनवरून करून घ्यावं. ‘पासवर्ड दे, ओटीपी सांग’ असा फोन त्या घरी जाता कामा नये. तसा फोन गेला, तर काम खऱ्या अर्थाने त्याच्या डोक्यावरून उतरलेलंच नसतं.

एवढं ठरलं की लिहावं. वडिलांना आपण भेटलो असू तर ‘काका’ म्हणावं, नसलो तर साधं ‘बाबा’ किंवा ‘वडील’ पुरतं. उदाहरणार्थ:

‘काका गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. तुझ्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा त्यांनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं होतं, ते आठवत राहिलं. आईंना सांभाळ, स्वतःलाही. सात तारखेचा टीडीएस आणि जीएसटीची दोन्ही रिटर्न मी बघतोय, साहेबांशी बोलणं झालंय. उत्तर देत बसू नकोस.’

कामाची ओळ शेवटी आहे आणि ती एकच आहे. ‘मी करू का?’ असं विचारलेलं नाही, कारण प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. काका कसे गेले, वय काय होतं, हेही विचारलेलं नाही. ‘सुटले बिचारे’ असं तर आपण कधीच म्हणू नये. फार तर ते घरच्यांनी म्हणावं. एखादी आठवण खरीच असेल तर लिहावी, नसेल तर जुळवू नये. कधी न भेटलेल्या माणसाबद्दल ‘फार थोर होते’ म्हटलेलं लगेच पोकळ वाटतं.

या मदतीलाही मर्यादा आहे. ‘आरामात ये, सुट्टीची चिंता नको’ हे साहेबांनी किंवा एचआरने लिहावं. रजा आपल्या हातात नसते आणि बऱ्याच ठिकाणी हे दिवस माणसाच्या हक्काच्या रजेतूनच जातात. शिवाय ज्या व्यवहारांत त्याने स्वतः निर्णय घ्यायचा असतो, उदाहरणार्थ एखाद्या पुरवठादाराशी चाललेला बिलाचा वाद, तिथे आपण हात घालू नये. समोरच्याला तारीख पुढे ढकलायची विनंती करावी आणि साहेबांना तसं सांगून ठेवावं.

केलेल्या कामाची नोंद मात्र रोज ठेवावी: कुठलं चलन कधी भरलं, कुठल्या बिलाचा मेळ बसला नाही, कोणाचा फोन आला होता. तेराव्यानंतर तो कामावर येईल त्या सकाळी हा कागद त्याच्या हाती द्यावा आणि न जुळलेली बिलं त्याच्यासोबत बसून बघावीत. पहिल्या आठवड्यात दाखल्यासाठी किंवा बँकेसाठी त्याला अधूनमधून बाहेर जावं लागेल, तेव्हा त्याच्या टेबलावरचा फोन उचलायचं काम आपल्याकडेच ठेवावं.