मैदान एक, तुकड्या अठरा

जून महिन्यात शाळा सुरू होण्याआधी पर्यवेक्षकांच्या टेबलावर दोन मोठे तक्ते तयार होतात. एका तक्त्यात प्रत्येक तुकडीचा आठवडा असतो, दुसऱ्यात प्रत्येक शिक्षकाचा. एकाच तासाला एक शिक्षक दोन वर्गांत पडत नाही ना, एका वर्गावर दोन शिक्षक जात नाहीत ना, हे या दोन तक्त्यांवरून तपासलं जातं. तपासणी चोख होते, वेळापत्रक लागतं आणि तरीही शुक्रवारी शेवटच्या तासाला चार तुकड्या एकदम मैदानावर उतरतात. मुलांना धावायला जागा नसते. कबड्डीच्या रेषेवर दुसऱ्याच वर्गाचा चेंडू येऊन पडतो आणि निम्मी मुलं कट्ट्यावर बसून राहतात.

चूक बेरजेची नसते. मैदानाचा तिसरा तक्ता कोणी काढलेलाच नसतो. खेळाचे सगळे तास खेळशिक्षकांकडेच असतील, तर शिक्षकांच्या तक्त्यामुळे थोडा तरी आळा बसतो. पण पुष्कळ शाळांत इतर शिक्षकांचा कार्यभार भरून काढायला खेळाचे काही तास त्यांच्या नावावर टाकतात. मग चार तुकड्या आणि चार वेगवेगळे शिक्षक अशी जुळणी होते. तुकड्यांचा तक्ता बरोबर, शिक्षकांचाही बरोबर. टक्कर फक्त मैदानावर होते, आणि तिथला हिशोब कुठल्याच कागदावर नसतो.

हा तिसरा तक्ता कसा काढायचा, ते एका नमुन्याच्या शाळेवर पाहू. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या, म्हणजे एकूण १८. प्रत्येक तुकडीत साधारण ५६ मुलं आणि आठवड्याला खेळाचे दोन तास. मागणी झाली ३६ तासांची. सोमवार ते शुक्रवार रोज ३५ मिनिटांच्या ८ तासिका आणि शनिवारी सकाळी ५, म्हणजे आठवड्यात ४५ तासिका. ४५ जागा आणि ३६ मागण्या, म्हणजे एका वेळी एकच तुकडी मैदानावर ठेवूनही सगळं बसेल, असं कागदावर वाटतं.

पण ४५ पैकी मैदानाला उपयोगी तासिका किती? शाळा अकराला भरते, परिपाठ होऊन सव्वाअकराला पहिली तासिका सुरू होते. त्या तासिकेत वर्गशिक्षकांची हजेरी असते. तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेला सूर्य डोक्यावर असतो. पाचवी तासिका मोठ्या सुट्टीनंतर लगेच येते, तेव्हा मुलं नुकतीच डबा खाऊन बसलेली असतात. सहावी पावणेतीनला सुरू होते आणि मार्चमध्ये ती भाजून काढते. राहिल्या दुसरी, सातवी आणि आठवी. ही इमारत मैदानाच्या पश्चिमेला आहे, म्हणून साडेतीननंतर तिची सावली मैदानावर उतरू लागते आणि शेवटच्या दोन तासिका सर्वांत चांगल्या ठरतात. शनिवारी सकाळी ऊन नसतं, पण पहिल्या तासिकेला सगळ्या शाळेची सामूहिक कवायत असते. तिच्यानंतरच्या तीन तासिका घ्यायच्या. म्हणजे रोज तीन, आठवड्याला फक्त १८.

१८ तासिकांत ३६ तास बसवायचे, तर प्रत्येक तासिकेला दोन तुकड्या मैदानावर हव्यात. मैदान ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. मधोमध चुन्याची रेघ मारली की ३० बाय ३० मीटरचे दोन भाग होतात. एका भागात २७ बाय १६ मीटरचं खो-खोचं मैदान आणि त्याला लागून १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं मैदान बसतं. दुसऱ्या भागात १८ बाय ९ मीटरचं व्हॉलीबॉलचं मैदान आणि लंगडी, धावणं, कवायत यांसाठी मोकळी जागा राहते. दोन तुकड्या असताना प्रत्येक मुलाच्या वाट्याला १६ चौरस मीटर जागा येते, चार असतील तर ८.

गर्दी मात्र नुसती चौरस मीटरमध्ये मोजू नये. खो-खोत एका वेळी बसणारे आणि पाठलाग करणारा मिळून ९ आणि पळणारे ३, म्हणजे १२ मुलं खेळतात. कबड्डीत दोन्ही बाजूंचे मिळून १४. एका तुकडीतली २६ मुलं अशी गुंतली, तरी ३० उरतात. त्यांच्यासाठी तिसरा खेळ आखलेला नसेल, तर अर्धा वर्ग नुसता बघत बसतो. वर्गातून उतरणं आणि परत जाणं धरून ३५ मिनिटांपैकी हातात जेमतेम २५ उरतात. त्या २५ मिनिटांत प्रत्येक मुलाला निदान दहा मिनिटं हालचाल मिळाली का, ही गर्दीची खरी परीक्षा आहे. तिसऱ्या मजल्यावरून न उतरता गॅलरीतूनही ती घेता येते: बसलेली मुलं मोजायची.

आता वाटणी. प्रत्येक तुकडीचे दोन तास लागोपाठच्या दिवशी नकोत, मध्ये विश्रांती हवी. म्हणून आठवड्याच्या तीन जोड्या करायच्या: सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, बुधवार-शनिवार. प्रत्येक जोडीत मध्ये दोन दिवस जातात. १८ तुकड्या तीन जोड्यांत वाटल्या की प्रत्येक जोडीला सहा येतात. सगळ्या ‘अ’ तुकड्या पहिल्या जोडीत, ‘ब’ दुसऱ्या, ‘क’ तिसऱ्या. अशाने रोज प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी मैदानावर येते, आणि आपला दिवस कोणता हे पाचवीतल्या मुलालाही पाठ होतं.

त्या सहा तुकड्यांच्या वयाने लागून असलेल्या जोड्या जमवायच्या: पाचवी-सहावी, सातवी-आठवी, नववी-दहावी. चुन्याच्या रेघेपलीकडे दहावीची मुलं जोरात चेंडू मारत असताना अलीकडे पाचवीची मुलं लंगडी खेळत असली, तर अपघात ठरलेला. शाळेत दोन खेळशिक्षक आहेत. एकाकडे पाचवी, सातवी, नववी, दुसऱ्याकडे सहावी, आठवी, दहावी. रोज प्रत्येकी तीन तास, आठवड्याला १८, आणि एकाच वेळी दोन वर्ग कोणाच्याच अंगावर येत नाहीत. ‘अ’ तुकड्यांचे दोन दिवस असे दिसतात:

| | दुसरी तासिका | सातवी तासिका | आठवी तासिका |
|---|---|---|---|
| सोमवार | ५ अ, ६ अ | ७ अ, ८ अ | ९ अ, १० अ |
| गुरुवार | ९ अ, १० अ | ५ अ, ६ अ | ७ अ, ८ अ |

गुरुवारी क्रम का फिरवला? दुसरी तासिका दुपारी बाराच्या सुमारास येते. ती एकाच जोडीच्या माथी कायमची मारणं बरोबर नाही. पहिल्या सत्रात पावसाळी ढगांमुळे उन्हाचा त्रास कमी असतो, तेव्हा ही पाळी पाचवी-सहावी आणि नववी-दहावीकडे द्यायची. दिवाळीनंतर पाचवी-सहावीला त्यातून मोकळं करून ती सातवी-आठवीकडे सरकवायची, म्हणजे मार्चचं ऊन लहानांना लागत नाही. मैदानाचे भागही दुसऱ्या दिवशी आलटून पालटून द्यायचे, नाहीतर एक तुकडी वर्षभर खो-खोच खेळेल.

या आखणीत एक अडचण तक्त्यावर दिसत नाही, ती जिन्यावर दिसते. सातवी तासिका संपताना ११२ मुलं वर चढतात आणि त्याच वेळी पुढची ११२ खाली उतरतात. जिना एकच असेल, तर चेंगराचेंगरीची भीती आणि दोन्ही तासांची पाच-पाच मिनिटं वाया. यावर उपाय म्हणजे मैदानावरच्या तुकड्यांनी घंटेच्या चार मिनिटं आधी खेळ थांबवून वर जायचं, आणि उतरणाऱ्यांनी घंटा झाल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही. दोन जिने असतील, तर एक चढायचा आणि एक उतरायचा ठरवून टाकावा.

टक्कर न होणारी अशी मांडणी नशिबावर सापडत नाही, याला गणिताचा आधार आहे. हंगेरीचे गणिती देनेश क्योनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयातून असं निघतं की, कोणत्याही शिक्षकाचे किंवा तुकडीचे तास उपलब्ध तासिकांपेक्षा जास्त नसतील, तर टक्कर नसलेलं वेळापत्रक असतंच. इतकंच नव्हे, तर एकूण तास सगळ्या तासिकांवर सारखे पसरवताही येतात, म्हणजे गर्दीही टाळता येते. पण ‘या शिक्षकाला सोमवारी दुपारी जमणार नाही’, ‘या वर्गाला तेव्हा प्रयोगशाळा आहे’ अशा अटी वाढत गेल्या की चित्र पालटतं. इव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ मध्ये दाखवलं की अशा अटींसह वेळापत्रक लावणं हे गणनशास्त्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतं.

शाळेसाठी यातून एक नियम निघतो. जी जागा एकच आहे आणि सगळ्यांना हवी आहे, ती कोऱ्या कागदावर आधी भरायची. मैदान, प्रयोगशाळेच्या जोड तासिका, संगणक कक्ष हे पहिले, आणि मग गणित, मराठी, इंग्रजी. भाषेचा तास स्वतःच्या वर्गात कुठल्याही तासिकेला घेता येतो, मैदानाचा येत नाही. खेळ शेवटी, उरलेल्या घरांत भरला की अटी आधीच ठासून भरलेल्या असतात आणि शुक्रवारची ती चार तुकड्यांची गर्दी तिथेच जन्माला येते.

तक्ता झाला की तो तीनदा वाचावा. घराघराने वाचताना प्रत्येक घरात दोनच तुकड्या दिसल्या पाहिजेत. तुकडीच्या नावाने वाचताना प्रत्येक नाव बरोबर दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून आलं पाहिजे. शिक्षकाच्या नावाने वाचताना एका घरात ते दोनदा येता कामा नये.

पावसाळ्यासाठी याच तक्त्याला एक ओळ जोडावी लागते. मैदान चिखलाचं झालं की उरतो तो सभागृह, आणि त्यात एकच तुकडी मावते. सोमवारी पाऊस असला तर पाचवी सभागृहात योगासनं करील आणि सहावी वर्गात बुद्धिबळ खेळेल. गुरुवारी पाऊस असला तर उलट. हे आधी लिहून ठेवलं नाही, तर जी तुकडी आधी पोहोचेल ती सभागृह बळकावते. डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा मांडव पडतो आणि परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत बोर्डाच्या दिवसांत मैदान बंद राहतं, तेही आठवडे तक्त्यावर आधीच खुणा करून ठेवावेत. बुधवार-शनिवारच्या जोडीचे शनिवार सभा-समारंभांत जास्त बुडत असतील, तर दिवाळीनंतर अ, ब, क यांच्या जोड्याच फिरवाव्यात.

या आखणीची मर्यादाही ठाऊक हवी. १८ तासिका गुणिले दोन भाग म्हणजे ३६, आणि मागणीही ३६. एकही घर रिकामं नाही. पुढच्या वर्षी ८ ड निघाली की मागणी ३८ होईल आणि तक्ता फुटेल. बुडालेला तास भरून काढायलाही जागा नाही. म्हणून सहावी तासिका आठवड्यातून दोन दिवस राखीव लिहून ठेवावी. जून ते फेब्रुवारी ती चालण्यासारखी असते. नवी तुकडी आली तर तिचे दोन तास तिथे जातील. तोवर बुडालेले तास तिथे भरावेत. परीक्षा जवळ आली की विषयशिक्षक पोर्शन पूर्ण करायला खेळाचा तास मागतात. तोही द्यायचा असेल, तर मैदानाच्या तक्त्यावर त्या तुकडीसाठी राखीव घर लिहून मगच द्यावा. तक्ता खेळशिक्षकाच्या खोलीत भिंतीवर असावा आणि त्यात बदल करणारी व्यक्ती एकच असावी, म्हणजे कोणत्या तुकडीचे किती तास बुडाले आणि किती परत मिळाले, हे महिन्याच्या शेवटी एका नजरेत कळतं.